खोली ३०५ रिकामी की भरलेली? फ्रंट ऑफिस आणि हाऊसकीपिंगचा धडा चार्टवर उतरवताना

हॉटेल मॅनेजमेंटच्या डिप्लोमाला आम्हाला फ्रंट ऑफिस आणि हाऊसकीपिंग असा एकत्र मोठा धडा आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी त्यावर टर्म वर्क दिलं. धड्याचे वर्कफ्लो चार्ट काढायचे, महत्त्वाच्या संज्ञांची यादी जोडायची, सगळं जर्नलला लावायचं आणि ३० सप्टेंबरच्या आत तपासून सही घ्यायची. सही नसेल तर जर्नलच्या पहिल्या पानावरच्या सर्टिफिकेटवर विभागप्रमुखांचा शिक्का मिळत नाही, आणि शिक्का नसेल तर एक्सटर्नलसमोर व्हायव्हाला बसू देत नाहीत. काम झालं, व्हायव्हाही झाली. आता ज्युनिअर्स रोज विचारतात की एवढा धडा दोन पानांत बसवायचा तरी कसा, म्हणून झालं तसं सगळं लिहून ठेवतेय.

धडा दिसतो मोठा, पण त्यात पुनरुक्ती खूप आहे. आधी फ्रंट ऑफिस: आरक्षण, आगमन, मुक्काम, निर्गमन. मग हाऊसकीपिंग: विभागाची रचना, खोली साफ करण्याचा क्रम, लिनन, चाव्या, हरवलेल्या वस्तू. शेवटी ‘दोन विभागांतील समन्वय’ म्हणून दीड पान. बहुतेक जण पहिल्या भागाचा एक चार्ट आणि दुसऱ्या भागाचा एक चार्ट काढतात, आणि ते दीड पान तसंच राहतं. मला मात्र वाचता वाचता वाटायला लागलं की धड्याचा जीव त्या दीड पानातच आहे. रिसेप्शनवाला खोली विकतो, पण ती विकण्याजोगी आहे हे त्याला हाऊसकीपिंग सांगतं. हाऊसकीपिंगला खोली साफ करायची असते, पण पाहुणा गेला हे त्याला रिसेप्शन सांगतं. दोघांनाही दुसऱ्याच्या निरोपाशिवाय पुढे जाता येत नाही.

सुरुवात मी पेन्सिलने केली. पुस्तक लायब्ररीचं होतं, त्यात खुणा करणं बरोबर नव्हतं, म्हणून धड्याची झेरॉक्स काढली. त्याला नव्वद रुपये गेले, पण ते सगळ्यात कामी आले. प्रत्येक परिच्छेदात फक्त दोन गोष्टी शोधायच्या: कोण कोणाला काहीतरी कळवतंय का, आणि त्या कळवण्याने खोलीची अवस्था बदलतेय का. तसं वाक्य सापडलं की खाली रेघ. विभागाचा इतिहास, कर्मचाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत, लॉबी कशी असावी, या भागात एकही रेघ पडली नाही. तो भाग परीक्षेला येतो, पण तो चार्टचा माल नाही. त्याच्या वेगळ्या नोट्स काढल्या आणि बाजूला ठेवल्या. रेघा पडलेली वाक्यं वहीत उतरवली तेव्हा ती जेमतेम दोन पानं भरली.

मग ए-थ्री कागद आडवा धरून तीन उभे पट्टे आखले. डावीकडे रिसेप्शन, मधे हाऊसकीपिंग, उजवीकडे मेन्टेनन्स. नियम एकच ठेवला. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जात असेल तर त्याच्यावर तीन गोष्टी लिहायच्याच: निरोप कोण देतं, कशाने देतं (फोन, स्लिप की कॉम्प्युटर), आणि त्यानंतर खोलीची नोंद काय होते. यातलं एक जरी लिहिता आलं नाही तर तो भाग आपल्याला अजून कळलेला नाही, पुन्हा धडा उघडायचा.

चेक-आऊटचा बाण असा झाला. पाहुणा रिसेप्शनला सांगतो की आपण निघतोय. रिसेप्शन हाऊसकीपिंगला फोन करतं, “३०४ चेक-आऊट.” त्या मजल्यावरचा रूम अटेंडंट खोलीत जाऊन मिनीबारमधून काय गेलंय, टॉवेल आणि बाकी सामान जागेवर आहे का, पाहुण्याचं काही राहिलंय का, एवढं पाहतो आणि कळवतो. मगच बिल बंद होतं. बिल बंद झालं की कॉम्प्युटरवर खोली VD होते, म्हणजे रिकामी पण अस्वच्छ. साफसफाई झाली की VC. सुपरवायझरने पाहून पसंत केली की VI, म्हणजे तपासलेली, आणि तेव्हाच रिसेप्शनने ती पुढच्या पाहुण्याला द्यायची. VC आणि VI मधला हा फरक आमच्या वर्गात बऱ्याच जणांनी सोडून दिला होता, कारण छोट्या हॉटेलांत ही वेगळी पायरी नसतेही. पण जिथे असते तिथे साफ झालेली खोली आणि देण्याजोगी खोली यांच्यामध्ये एका माणसाची नजर उभी असते. गिझर चालू होतो का, फ्लश नीट आहे का, आधीच्या पाहुण्याचा केस बेसिनमध्ये राहिलाय का, हे त्या नजरेला दिसतं.

मेन्टेनन्सच्या पट्ट्याने मला जास्त विचार करायला लावला. खोलीत मोठा बिघाड असेल तर ती OOO होते, म्हणजे विक्रीतून काढलेली. किरकोळ बिघाड असेल आणि वेळ पडली तर खोली देता येत असेल, तर ती OOS. पुस्तकात OOO खोलीचा बाण मेन्टेनन्सकडे जाताना दाखवला होता, परत येताना कुठे येतो ते नव्हतं. सरळ ‘तयार’कडे आणावासा वाटतो. पण दुरुस्तीला माणूस येऊन गेला की भिंतीत ड्रिल मारल्याची पूड, बुटांचे ठसे, पलंगावर ठेवलेली हत्यारं हे सगळं आलंच. म्हणून दुरुस्त झालेली खोली VD मध्ये परत येते, पुन्हा साफ होते, पुन्हा तपासली जाते. माझ्या चार्टवर हा बाण मी लाल केला.

२० ऑगस्टच्या सुमारास कच्चा चार्ट तयार झाला. मॅडमना दाखवला तर त्या म्हणाल्या, “बाण चांगले आहेत. पण हे सगळं सुरळीत चाललं तर. दोघांचे निरोप जुळले नाहीत तर काय, ते यात कुठंय?” हा भाग पुस्तकात एका तक्त्यापुरता होता, डिस्क्रिपन्सी रिपोर्ट म्हणून. माझी इंडस्ट्रिअल ट्रेनिंग लोणावळ्याला चाळीस खोल्यांच्या एका हॉटेलात झाली होती. तिथल्या हाऊसकीपिंग सुपरवायझर काकांना फोन केला आणि पुढच्या रविवारी लोकलने गेले. त्यांनी सकाळची पाळी संपल्यावर चहा मागवला आणि कागदावर एका सकाळचं उदाहरण मांडून दिलं. खोल्यांचे क्रमांक आणि आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण असं घडतं. माझ्या जर्नलमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे, म्हणून ती सविस्तर देते.

रोज सकाळी रूम अटेंडंट आपापल्या मजल्यावरच्या खोल्या पाहून रिपोर्ट भरतात: कोणती भरलेली, कोणती रिकामी. तो रिपोर्ट रिसेप्शनच्या यादीशी ताडून पाहतात. त्या सकाळी रिसेप्शनकडे ३१ खोल्या भरलेल्या, ७ रिकाम्या आणि २ OOO. हाऊसकीपिंगकडे ३० भरलेल्या, ८ रिकाम्या आणि २ OOO. बेरीज दोन्हीकडे ४०. बघणाऱ्याला वाटेल की एका खोलीचा घोळ आहे, ती शोधली की झालं.

काकांनी मला एकेक खोली समोरासमोर ठेवून पाहायला लावली. फरक तीन खोल्यांचा निघाला. २०७ आणि ३०५ रिसेप्शनकडे भरलेल्या, हाऊसकीपिंगकडे रिकाम्या. ११२ रिसेप्शनकडे रिकामी, हाऊसकीपिंगकडे भरलेली. दोन इकडे, एक तिकडे, म्हणून बेरजेत एकाचाच फरक दिसला. २०७ चा प्रश्न नसता तर एक इकडे आणि एक तिकडे होऊन दोन्ही बेरजा तंतोतंत जुळल्या असत्या, आणि तरीही दोन खोल्यांची नोंद चुकीची राहिली असती. म्हणून एकूण आकडे जुळवून समाधान मानायचं नाही. मी चार्टवर ‘ताडणे’ या चौकोनाच्या आत ‘खोलीनिहाय’ हा शब्द ठळक लिहिला तो यासाठी.

आता कारणं. पुस्तक वाचून आलेलं कुणीही २०७ आणि ३०५ पाहून म्हणेल ‘स्किपर’, म्हणजे बिल न भरता निघून गेलेला पाहुणा. काका म्हणाले, “ताई, एवढ्यात कुणाला चोर म्हणायचं नाही. आधी खोलीत जाऊन बघ, मग बिल बघ.”

खोलीत काय पाहायचं तेही त्यांनी सांगितलं. कपाट उघडायचं, कारण अटेंडंट कधी कधी नुसता पलंग पाहून ‘रिकामी’ लिहितो. पलंग न वापरलेला, पण कपाटात बॅग आहे, तर ती खोली रिकामी नाही. ती ‘स्लीप-आऊट’ आहे, म्हणजे खोली पाहुण्याच्या नावावर आहे, पण तो रात्री झोपायला आला नाही. लोणावळ्यात लग्नाच्या गटांत हे सर्रास होतं, सगळे एकाच खोलीत गप्पा मारत झोपतात. सामान अगदीच थोडं असेल, एखादी हातातली पिशवी, तर त्याची ‘स्कँटी बॅगेज’ अशी वेगळी नोंद करून रिसेप्शनला कळवतात, कारण असा पाहुणा सामान उचलून सहज निघून जाऊ शकतो.

२०७ मध्ये काहीच सामान नव्हतं. बिल पाहिलं तर ते पहाटे पूर्ण भरलेलं. पाहुण्याला लवकर निघायचं होतं, रात्रपाळीच्या माणसाने पैसे घेतले, पावती दिली, पण कॉम्प्युटरवर खोली चेक-आऊट केली नाही. याला पुस्तकात ‘स्लीपर’ म्हणतात. पाहुण्याकडून येणं काही नाही, पण ही चूक पकडली गेली नाही तर रिकामी खोली भरलेली दिसत राहते, कुणाला देता येत नाही आणि त्या रात्रीचं भाडं जातं. काम सोपं: चेक-आऊटची नोंद करायची, खोली VD, साफसफाईच्या यादीत वर घ्यायची.

३०५ वेगळी होती. पलंग अर्धवट वापरलेला, सामान नाही, आणि बिल बाकी. स्किपरची सगळी लक्षणं. इथे काकांनी मला थांबवलं आणि ११२ कडे बोट दाखवलं. एक खोली अचानक रिकामी झालीय, दुसरी अचानक भरलीय, तर दोन्हींमागे एकच माणूस तर नाही ना, हे आधी पाहायचं. तसंच होतं. रात्री ३०५ चा एसी बंद पडला. ड्यूटीवरच्या माणसाने पाहुण्याला ११२ मध्ये हलवलं, रूम चेंजची स्लिप भरली आणि ती डेस्कवरच राहिली. कॉम्प्युटरवर पाहुणा अजून ३०५ मध्येच.

याचे परिणाम मी एकेक करून लिहिले, कारण व्हायव्हाला ‘काय बिघडतं’ हे नक्की विचारतात. पहिलं, ११२ रिसेप्शनला रिकामी दिसतेय आणि तपासलेलीही, कारण आदल्या दिवशी ती तयारच होती. दुपारी वॉक-इन पाहुणा आला तर त्याला तीच चावी मिळेल आणि तो कुणाच्या तरी भरल्या खोलीचं दार उघडेल. दुसरं, ३०५ च्या पाहुण्याला फोन आला, निरोप आला, पार्सल आलं, तर सगळं बंद खोलीत जाणार. तिसरं, एसी दुरुस्त झालेला नाही. ३०५ ला नुसतं ‘रिकामी’ म्हटलं तर ती साफ होऊन पुन्हा विकली जाईल. तिला OOO करून मेन्टेनन्सला स्लिप गेली पाहिजे.

तीन खोल्या, दोन कारणं, स्किपर एकही नाही. दुरुस्तीनंतरचा हिशेबही काकांनी करून घेतला. भरलेल्या ३०, कारण ३१ मधून २०७ गेली आणि ३०५ च्या जागी ११२ आली. OOO आता ३. रिकाम्या ७. बेरीज ४०. हाऊसकीपिंगचा ३० हा आकडा बरोबर होता, पण त्यांच्या रिकाम्या ८ मधली एक खोली विकण्याजोगी नव्हती. म्हणजे दोघांपैकी कुणाचीच यादी एकटीने पुरी नव्हती.

परत आल्यावर दुसरा चार्ट या उदाहरणावरूनच काढला. क्रम असा ठेवला: फरक दिसला → उलट्या फरकाची दुसरी खोली आहे का ते पाहा → खोली प्रत्यक्ष उघडून पलंग, कपाट, बाथरूम पाहा → बिल पाहा → कारण लिहा → नोंद सुधारा → दोन्ही विभागांच्या सह्या. पुस्तकातल्या तक्त्यात ‘उलटी खोली पाहा’ ही पायरी नव्हती. मॅडमना कारण सांगितलं, त्यांनी ती ठेवायला लावली. खोलीही एकट्याने उघडायची नाही, सुपरवायझर सोबत हवा, हे चौकोनाच्या कडेला लिहिलं.

संज्ञांच्या यादीबद्दल. बाजारात मिळणाऱ्या गाईडमध्ये वर्णानुक्रमे शंभरेक संज्ञा असतात. त्या तशा पाठ होत नाहीत, झाल्या तरी एकमेकींत मिसळतात. मी प्रत्येक संज्ञा चार्टवरच्या एका बाणाला किंवा चौकोनाला बांधली आणि तिच्यापुढे दोनच ओळी ठेवल्या: याचा अर्थ काय, आणि हे दिसल्यावर पुढे कोण काय करतं. उदाहरणार्थ ‘ड्यू-आऊट’: आज निघायचा आहे, पण अजून गेलेला नाही, रिसेप्शन चेक-आऊटच्या वेळेआधी फोन करून विचारतं. ‘लेट चेक-आऊट’: उशिरा निघायची परवानगी दिली आहे, हाऊसकीपिंगला कळवायचं म्हणजे अटेंडंट दार वाजवत नाही. ‘स्टे-ओव्हर’: आज निघणार नाही; लिनन हॉटेलच्या नियमाप्रमाणे बदलायचं. दुसरी ओळ लिहिता येत नव्हती अशा संज्ञा मी यादीतून काढल्या. राहिलेल्या पंचविसेक पुरल्या.

‘स्लीपर’ या नोंदीपाशी मात्र थांबून नीट लिहा. मी वर दिलेला अर्थ पाठ्यपुस्तकातला आहे: पैसे भरून गेलेला पाहुणा, खोली खरी रिकामी, रिसेप्शनकडे भरलेली. ओपेरा या मोठ्या हॉटेलांत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डिस्क्रिपन्सीच्या यादीत मात्र Skip म्हणजे रिसेप्शनकडे भरलेली आणि हाऊसकीपिंगकडे रिकामी, तर Sleep म्हणजे त्याच्या उलट, रिसेप्शनकडे रिकामी आणि हाऊसकीपिंगकडे भरलेली. आमच्या उदाहरणातली २०७ पुस्तकाप्रमाणे स्लीपर आहे, पण तिथल्या स्क्रीनवर ती Skip म्हणून येईल, बिल भरलेलं असूनही. कारण सॉफ्टवेअर फक्त दोन नोंदी ताडतं, पाहुणा का गेला हे त्याला माहीत नसतं. परीक्षेत पुस्तकातली व्याख्या लिहा, नोकरीवर स्क्रीन वाचताना हे ध्यानात ठेवा. मी यादीत दोन्ही अर्थ एकाखाली एक लिहिले आणि कोणता कुठला ते समोर टाकलं.

खोली साफ करण्याच्या क्रमाचा तिसरा चार्ट लहानच आहे, त्यात फार वेळ गेला नाही. पण नुसता क्रम लिहू नका, कारण लिहा, मग तो पाठ करावा लागत नाही. आधी पडदे उघडायचे आणि दिवे-एसी पाहायचे, कारण उजेडात डाग दिसतात आणि बिघाड सुरुवातीलाच कळवता येतो. चादरी आधी काढायच्या आणि नवीन अंथरूण डस्टिंगच्या आधी घालायचं, कारण चादर झटकली की तंतू आणि धूळ उडून फर्निचरवर बसते. डस्टिंग वरून खाली. व्हॅक्युम सगळ्यात शेवटी, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे मागे येत, म्हणजे कार्पेटवर आपल्याच पावलांचे ठसे राहत नाहीत. बाथरूम पलंगाआधी की नंतर हे हॉटेलागणिक बदलतं. मी काकांच्या हॉटेलचा क्रम घेतला आणि तळाशी तसं नमूद केलं. वापरलेला टॉवेल फरशी पुसायला घ्यायचा नाही, हेही तिथेच लिहिलं, ते एक्सटर्नल आवर्जून विचारतात.

आता कागदपत्रांचं. चार्ट मी आधी हाताने पेन्सिलीत काढले आणि मॅडमनी पास केल्यावरच शाईने. ज्यांनी थेट रंगीत प्रिंट काढली त्यांना सुधारणा सांगितल्यावर पुन्हा पैसे घालावे लागले. ए-थ्री रंगीत प्रिंट आमच्या कॉलेजसमोर तीस रुपयांना मिळते, सबमिशनच्या आठवड्यात दुकानात रांग असते. लॅमिनेशन करू नका. लॅमिनेट केलेल्या कागदावर सही नीट उमटत नाही आणि जर्नलमध्ये तो घडीही घालता येत नाही. ए-थ्री कागद मधे दुमडून ए-फोरच्या फाईलमध्ये लावताना डावीकडे दोन बोटं समास सोडा, नाहीतर पंचिंगच्या भोकात पहिला पट्टा जातो, आणि पहिला पट्टा रिसेप्शनचा असतो. अनुक्रमणिकेत तारीख, प्रयोगाचं नाव, पान क्रमांक आणि सहीचा रकाना भरलेला हवा. तारीख प्रत्यक्ष काम दिलं त्या दिवसाची, तपासल्याची नाही.

सही मला १८ सप्टेंबरला मिळाली. शिक्क्यासाठी मात्र आठवडा गेला, कारण विभागप्रमुख तपासणीच्या कामाला बाहेर होते आणि कार्यालयात सांगितलं की ते आल्यावरच मिळेल. त्या आठवड्यात काळजी वाटत होती, ३० तारीख जवळ येत होती. कार्यालयातल्या बाईंनी सुचवलं की सगळ्या वर्गाची जर्नल्स एकत्र, वर नावांची यादी लावून जमा करा, म्हणजे ते आले की एका बैठकीत होऊन जाईल. तसंच केलं. तुमच्याकडे सत्राच्या शेवटी असं अडलं तर हा मार्ग विचारून पाहा.

व्हायव्हा ऑक्टोबरमध्ये झाली. एक्सटर्नल सर पंचतारांकित हॉटेलात काम केलेले होते. त्यांनी जर्नल उघडून थेट दुसरा चार्ट काढला आणि विचारलं, “रिसेप्शनकडे रिकामी, हाऊसकीपिंगकडे भरलेली. काय म्हणशील?” मी दोन्ही अर्थ सांगितले, मग ११२ चं उदाहरण. ते म्हणाले, आणखी कारणं? नोंद न करता कुणाला खोली दिली असेल, चेक-आऊट केलेला पाहुणा अजून सामान घेऊन आतच बसला असेल, किंवा अटेंडंटने खोलीचा क्रमांक चुकीचा लिहिला असेल. शेवटचं कारण सगळ्यात साधं आणि नेहमीचं, ते आधी तपासायला हवं, असं ते म्हणाले. मी घरी येऊन ‘क्रमांक पुन्हा वाचा’ ही पायरी चार्टच्या सगळ्यात वर घातली. तुम्ही चार्ट वापरणार असाल तर ती धरून वापरा.

त्यांचा शेवटचा प्रश्न DND चा होता. दारावर पाटी लटकतेय, आज निघायचा पाहुणा, चेक-आऊटची वेळ टळून गेली, अटेंडंटने रिपोर्टमध्ये काय लिहायचं? DND. भरलेली नाही आणि रिकामीही नाही, कारण त्याने आत पाहिलेलंच नाही. अंदाजाने लिहिलं तर पुढचं ताडणं निरर्थक होतं. मग तो सुपरवायझरला कळवतो, सुपरवायझर रिसेप्शनला, रिसेप्शन खोलीत फोन लावतं. उत्तर आलं नाही तर ड्यूटी मॅनेजर आणि सिक्युरिटी मिळून दार वाजवून, आवाज देऊन, मास्टर चावीने उघडतात, कारण आत पाहुणा आजारीही असू शकतो. आतून डबल लॉक असेल तर साधी मास्टर चावी चालत नाही, इमर्जन्सी चावी लागते, आणि ती कुणाच्या ताब्यात असते हेही त्यांनी विचारलं. ती जनरल मॅनेजर किंवा ड्यूटी मॅनेजरकडे कुलूपबंद असते, काढताना रजिस्टरमध्ये वेळ आणि सही लागते. हे चाव्यांच्या भागात, समन्वयाच्या दीड पानाच्या बरंच आधी येतं. माझ्या चार्टवर ते DND च्या चौकोनाला जोडलेलं होतं, त्यामुळे उत्तर देताना पान शोधावं लागलं नाही.